माम्बलम ते पार्क : गर्दीतला प्रसंग कसा लिहावा



चेन्नईच्या टी. नगरमधल्या या सभागृहातून बाहेर पडून उस्मान रोड ओलांडला आणि रंगनाथन स्ट्रीटच्या गर्दीत शिरलं, की ती गर्दीच आपल्याला माम्बलम स्टेशनच्या पायऱ्यांपाशी आणून सोडते. या मार्गावर बीच ते तांबरम अशी विजेची गाडी 1931 पासून धावते आहे. म्हणजे गेली नव्वदहून अधिक वर्षं एकमेकांना न ओळखणारी माणसं तिथे रोज खांद्याला खांदा लावून उभी राहतात. आजचा माझा विषय या गाडीचा इतिहास नाही. भरलेल्या गाडीत चारदोन अनोळखी माणसांच्या कहाण्या क्षणभर एकमेकींना छेदून जातात, असा प्रसंग कागदावर कसा उतरवायचा, एवढाच आजचा प्रश्न आहे. आपल्याकडे तो बहुतेक वेळा एकाच साच्यात लिहिला जातो. खिडकीशी बसलेली बाई उदास असते, समोरचा गृहस्थ चौकशी करतो, बाई आपलं आयुष्य सांगते, स्टेशन येतं, बाई उतरते, गृहस्थ पाहत राहतो. भाषा चांगली असते, निरीक्षणही असतं, तरी वाचताना मन बसत नाही. का बसत नाही? कारण त्या प्रसंगातून गर्दी काढून टाकली तरी काही बिघडत नाही. तोच संवाद बागेतल्या बाकावर किंवा दवाखान्यात नंबर येण्याची वाट पाहतानाही झाला असता. गाडी नुसता पडदा म्हणून मागे टांगलेली असते.

माझं म्हणणं असं आहे. गर्दीत अनोळखी माणसांची आयुष्यं एकमेकांना भिडतात ती मनं जुळल्यामुळे फारच क्वचित. बहुतेक वेळा अपुऱ्या असलेल्या एखाद्या गोष्टीवरून भिडतात. उभं राहायला पाऊलभर जागा, बाकाचा कोपरा, दाराची दांडी, सामान ठेवायची फळी आणि स्टेशन यायला उरलेली दोन मिनिटं. लेखकाने या जागेचा आणि वेळेचा व्यवहार लिहावा. त्या व्यवहारात प्रत्येकाच्या कहाणीचा जेवढा तुकडा आपोआप बाहेर येईल तेवढाच घ्यावा, आणि बाकीचा ज्याचा त्याच्याकडे राहू द्यावा. हे ऐकायला सोपं वाटतं. लिहायला बसल्यावर हात मात्र पुन्हा पुन्हा जुन्या साच्याकडे वळतो.

आधी पुरावा पाहू. भीष्म साहनींची ‘अमृतसर आ गया है’ ही हिंदी कथा आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. फाळणीच्या दिवसांतली गाडी आहे. डब्यात तीन पठाण व्यापारी आहेत, एक सरदारजी आहेत, जपमाळ ओढणारी एक म्हातारी आहे आणि एक किडकिडीत, भित्रा बाबू आहे. पठाण खातापिताना बाबूची थट्टा करतात, सरदारजी लढाईच्या गोष्टी सांगतात. म्हणजे बोलणं आहे, भरपूर आहे. पण कथा बोलण्याने पुढे सरकत नाही, ती सरकते दारापाशी. एका स्टेशनवर एक कुटुंब सामानासकट आत घुसतं. पठाण त्यांना आत येऊ देत नाहीत, लाथ त्या माणसाच्या बायकोला बसते, सामान बाहेर फेकलं जातं, कुटुंब उतरतं. म्हातारी सोडली तर कुणीच त्यांची बाजू घेत नाही, बाबूसुद्धा. पुढे अमृतसर येतं आणि बाबूचं बळ एकदम उसळतं. मग रात्री गाडी पकडू पाहणारा दुसरा कुणी माणूस दाराशी लोंबकळत आत येऊ द्या म्हणतो, तेव्हा त्याच्या डोक्यात लोखंडी गज घालणारा हा बाबूच असतो.

इथे साहनींनी काय केलंय ते नीट पाहा. बाबूच्या पोराबाळांचं काय झालं, त्याने काय गमावलं, हे ते सांगत बसत नाहीत. दार तेच ठेवतात आणि दाराशी होणारी घटना दोनदा घडवतात. पहिल्या वेळी बाबू पाहणारा असतो, दुसऱ्या वेळी मारणारा. या दोन वेळांमध्ये गाडीने सरहद्दीकडची काही स्टेशनं मागे टाकलेली असतात, आणि डब्यात जागा कुणाच्या मालकीची याचं उत्तर त्या स्टेशनांनी बदललेलं असतं. पठाण, बाबू, हाकललं गेलेलं कुटुंब आणि रात्री मेलेला माणूस यांच्या कहाण्या एकमेकींना छेदतात त्या एका दाराच्या चौकटीत. ते दार कथेतून काढून टाका, काय उरतं? फाळणीवरची हळहळ उरते, आणि ती तर त्या काळात हजारोंनी लिहिली होती.

दुसरा पुरावा याच वस्तीजवळचा आहे. अशोकमित्रन या तमिळ लेखकाचं दीर्घ वास्तव्य टी. नगरमध्ये होतं. ‘तण्णीर’ या त्यांच्या कादंबरीत गाडी नाही, पण मद्रासमधली पाणीटंचाई आहे. एका गल्लीतल्या बायकांची आयुष्यं एकमेकींवर आदळतात ती घागरभर पाण्यावरून. जमुनाचं दुःख आपल्याला कळतं ते ती पाण्यासाठी कुणाच्या दारात उभी राहते, कोण तिला पाणी देतं आणि कोण नाकारतं यातून. तिथे पाणी कमी आहे, गाडीत जागा कमी असते. लेखनाच्या दृष्टीने कारागिरी तीच.

आता पहिला आक्षेप. तुम्ही म्हणाल, मराठीतला अशा प्रसंगाचा सर्वांत लाडका नमुना म्हणजे पु. ल. देशपांड्यांची ‘म्हैस’. त्यात माणसं बोलतात, मनसोक्त बोलतात, आणि बोलण्यातूनच जिवंत होतात. मग बोलण्यावर एवढा राग कशाला? राग नाहीच. पण ‘म्हैस’मध्ये माणसं बोलू शकतात याचं कारण पाहा. रत्नागिरीहून मुंबईला निघालेली एसटी म्हशीला धडकते आणि थांबते. गाडी थांबल्यामुळे वेळ उत्पन्न होतो, माणसं खाली उतरतात, मोकळ्या रस्त्यावर ऐसपैस उभी राहतात, आणि सगळ्यांपुढे एकच प्रश्न येतो. पु.लं.नी आधी जागा आणि वेळ यांची सोय लावली, मग बोलणं सुरू केलं. रात्रभर चालणाऱ्या आरक्षित डब्यातही तेच होतं. तिथे प्रत्येकाची जागा ठरलेली असते, रात्र लांब असते, डबे उघडून दशम्या पुढे केल्या जातात. तिथे आयुष्य सांगणारा माणूस खोटा वाटत नाही. शहरातली लोकल मात्र थांबत नाही. एका स्टेशनात ती जेमतेम अर्धा मिनिट उभी राहते. तिथे आयुष्य सांगू लागलेल्या माणसाला श्रोता मिळणार नाही, मिळालाच तर तो उतरण्याच्या घाईत असेल. तेव्हा वाहन आधी ठरवा. बोलणं किती मावेल हे वाहन ठरवतं.

एवढं पुरे झालं. आता एक प्रसंग प्रत्यक्ष रचून पाहू. रचलेला आहे, घडलेला म्हणून सांगत नाही. वेळ रात्री साडेनऊच्या पुढची. गाडी माम्बलमहून बीचकडे जाणारी. पुढची स्टेशनं कोडंबाक्कम, नुंगंबाक्कम, चेटपेट, एग्मोर, पार्क, मग फोर्ट आणि बीच. पार्कपर्यंत पाच स्टेशनं, पंधरावीस मिनिटं. हा क्रम मी मुद्दाम सांगतो आहे, कारण कथानकाचा सांगाडा तोच आहे. एग्मोरहून दक्षिणेकडच्या लांबच्या गाड्या सुटतात, तेव्हा सामानवाली माणसं तिथे उतरतील आणि डबा सैल होईल. पार्क म्हणजे सेंट्रलच्या समोर. अरक्कोणमच्या बाजूला जाणारे तिथे उतरून रस्ता ओलांडतील. म्हणजे डबा कोडंबाक्कमपर्यंत आवळत जाणार, एग्मोरला सुटणार आणि पार्कला पुन्हा हलणार. घटना कुठे घडवायची हे लेखकाने ठरवायच्या आधीच रेल्वेने बरंचसं ठरवून ठेवलेलं असतं. जो लेखक हा क्रम पाहत नाही तो एग्मोरनंतरही डबा खच्चून भरलेला दाखवतो, आणि या मार्गाने रोज जाणारा वाचक तिथेच पुस्तक मिटतो.

पहिलं माणूस घेऊ रंगनाथन स्ट्रीटवरच्या कापडाच्या दुकानातली विक्रेती. या रस्त्यावरच्या अशा कामगारांवर 2010 साली ‘अंगाडी तेरु’ हा तमिळ चित्रपट आला, तो पाहिलेल्यांना ते जग ठाऊक आहे. या मुली दिवसभर उभ्या असतात. तमिळनाडूने 2021 साली दुकानांविषयीच्या कायद्यात दुरुस्ती करून कामगारांना बसायला आसन देणं बंधनकारक केलं. कायदा करून बसायची सोय करावी लागली, यातच त्या उभं राहण्याची लांबी कळते. तेव्हा आपल्या विक्रेतीला या डब्यात काय हवंय? बसायला हवंय. प्रेम नको, सहानुभूती नको, आयुष्याचा अर्थही नको. वीस मिनिटं टेकायला हवंय. एक चोख वाचक इथे विचारील, मग ती बायकांच्या डब्यात का गेली नाही? हा प्रश्न टाळून चालणार नाही. ती जिना उतरली तेव्हा गाडी सुटण्याच्या बेतात होती आणि समोर आला तो साधा डबा, एवढं एक वाक्य आधीच लिहून ठेवावं लागेल.

दुसरा माणूस आपला, मराठी. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातून सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर पांगलेल्या घरांतला एक तरुण. चेन्नईत हे लोक आहेत, आणि टी. नगर म्हणजे तर सोन्याच्या पेढ्यांचं गाव. पेढी बंद झाल्यावर त्याने जुन्या दागिन्यांचा मोड घेतलाय आणि तो सावकारपेठेतल्या भट्टीकडे निघालाय. पुडी कमरेला, शर्टाच्या आत. शुद्ध सोनं शंभर ग्रॅम असलं तर ते जेमतेम पाच घनसेंटिमीटर भरतं, काड्यापेटीपेक्षा कितीतरी लहान. मोडात तांबं-चांदी मिसळलेली असल्याने पुडी थोडी मोठी, पण तळहातात मावणारी. त्याला काय हवंय? कमरेला कुणाचा हात लागू नये. भरलेल्या डब्यात ही मागणी किती अवघड आहे ते तुम्हीच पाहा. म्हणून तो एक हात सतत शर्टाच्या आत, पोटाशी धरून उभा आहे.

तिसरं एक कुटुंब. लग्नाचा बस्ता बांधून अरक्कोणमकडे परतणारं. नवरा, बायको आणि आजी. दुकानांची नावं छापलेल्या जाड पिशव्या सहासात. आजी बसली आहे आणि तिच्या शेजारी बाकावर दोन पिशव्या बसल्या आहेत. त्यांना हवी आहे सेंट्रलहून सुटणारी पुढची गाडी. म्हणजे पार्कला सगळ्या पिशव्यांसकट अर्ध्या मिनिटात उतरायचं.

आता या तिघांना बोलायला लावायची काही गरज आहे का? विक्रेतीला जी जागा हवी तिच्यावर पिशव्या आहेत. त्यातल्या एकीवर तिच्याच दुकानाचं नाव आहे. इथे मोह होतो. आतली साडी दुपारी हिनेच दाखवली होती, आजी तिला ओळखते, असं लिहावंसं वाटतं. लिहू नका. योगायोग प्रसंगाच्या सुरुवातीला एक चालतो, अनोळखी माणसं एका डब्यात आली हाच तो. दुसरा योगायोग आला की वाचकाला लेखकाचा हात दिसतो. पिशवीवर दुकानाचं नाव एवढंच पुरेसं आहे. दिवसभर ज्या मालापायी ती उभी राहिली, तोच माल आता बसलाय आणि ती अजून उभी आहे. हे वाक्यही लेखकाने लिहायचं नाही. तिची नजर पिशवीवर, मग आजीवर, मग दुसरीकडे जाईल, तेवढ्यात वाचकाला ते कळेल.

आजी मात्र तिच्याकडे पाहत नाही. आजी पाहते आहे त्या तरुणाच्या शर्टात गेलेल्या हाताकडे. नुंगंबाक्कमला गर्दी ढकलते, तरुण पोट वाचवत आजीच्या गुडघ्यांवर झुकतो, आणि आजी एक पिशवी झटक्यात उचलून मांडीवर घेते. तिला तो खिसेकापू वाटला. ज्याला सगळ्या डब्याची भीती वाटते आहे, त्याचीच आजीला भीती वाटली. पिशवी उचलली गेल्याने बाकावर वीतभर जागा झाली, आणि विक्रेती तिथे टेकली. तीन-तीन जणांच्या बाकावर चौथ्याने अंग चोरून बसणं मुंबईच्या वाचकाला समजावून सांगायला नको. बघा, तीन कहाण्या एकमेकींना छेदून गेल्या आणि एक शब्दही झाला नाही. गलाईवाल्याच्या धास्तीने आजी घाबरली, आजीच्या घाबरण्याने दमलेल्या मुलीला जागा मिळाली, आणि तिघांपैकी कुणालाच हे पुरतं कळलेलं नाही.

इथेच थांबलो तर प्रसंग चमत्कृतीचा होईल. त्याला परतफेड हवी, आणि ती एग्मोरनंतर करता येते. डबा सैल झाला, आता बसायला जागाच जागा. तरुण तरी बसत नाही, दाराशीही जात नाही, कारण दारात वारा आहे, पण धक्काही आहे. तो आपला बाकाला टेकून उभा. आता आजीला त्याचा हात स्पष्ट दिसतो, हाताची नखं काळवंडलेली, बोटांवर तेजाबाचे पिवळे डाग. खिसेकापूचे हात असे नसतात. आजी मग मांडीवरची पिशवी पुन्हा बाकावर ठेवते का? तेवढ्यात पार्क येतं. कुटुंबाला सहासात पिशव्या घेऊन उतरायचंय, हात कमी पडतात. तरुणालाही इथेच उतरायचंय, आणि त्याचा एकच हात मोकळा आहे. आजी त्या मोकळ्या हातात एक पिशवी देते. ती नेमकी कोणती? तीच, जी तिने त्याच्यापासून वाचवली होती. बोलणं हवंच असेल तर एक वाक्य घाला. आजी तमिळमध्ये म्हणेल, ‘जरा धर रे बाबा.’ त्याला पुरतं कळो न कळो, पुढे केलेली पिशवी त्याला कळते. गाडी सुटते. विक्रेतीला बीचपर्यंत जायचंय, ती बसलेलीच आहे.

दुसरा आक्षेप इथे येतो आणि तो पहिल्यापेक्षा वजनदार आहे. श्रोते म्हणतील, अहो, पण सोनं पोचलं का? त्या मुलीच्या घरी कोण आहे? लग्न कुणाचं? वाचकाला अर्धवट सोडणं ही लेखकाची पळवाट नाही का? पळवाट होऊ शकते, हे मला मान्य आहे. काहीच ठाऊक नसलेला लेखकही ‘मी सूचक लिहिलं’ म्हणून सुटू शकतो. फरक कसा ओळखायचा? लेखकाला प्रत्येकाची उरलेली कहाणी ठाऊक असली पाहिजे आणि तिचा दाब दिसणाऱ्या हालचालीवर पडलेला असला पाहिजे. तरुणाला मोड पोचवायचा आहे हे लेखकाला ठाऊक नसतं, तर हात शर्टात गेलाच नसता. तेजाबाचे डाग ठाऊक नसते, तर आजीचा संशय फिटला नसता. जे ठाऊक आहे पण हालचालीत उतरत नाही, ते गाळायचं. लग्न कुणाचं याने पिशवीच्या उचलण्यात काही फरक पडत नाही, म्हणून ते नको. उद्या नवरी स्वतःच डब्यात असली आणि तिला ती साडी आवडलेली नसली, तर फरक पडेल. मग ते घ्या.

याच तत्त्वावर एक कसोटी सांगतो, आपल्या खर्ड्यावर लावून पाहा. प्रसंगातलं एक माणूस खोडून टाका. दुसऱ्या कुणाची कृती बदलली का? नाही बदलली, तर ते माणूस नुसतं प्रवास करत होतं. आपल्या प्रसंगातून आजी काढली तर मुलीला जागा मिळत नाही. मुलगी काढली तर? खरं सांगायचं तर, तरुण आणि आजी यांच्या वागण्यात काहीच बदलत नाही. हा आपल्या रचनेतला कच्चा दुवा आहे आणि तो दुरुस्त करायला हवा. मुलीकडून काहीतरी निघून पुढे गेलं पाहिजे. ती टेकते तेव्हा तरुण आणि आजी यांच्या मध्ये येते, म्हणून चेटपेटला धक्का बसतो तो आजीला लागत नाही, आणि भीतीने ओरडण्याची आजीची वेळ टळते. ती मध्ये नसती, तर आजी ओरडली असती, लोकांनी तरुणाचा हात धरला असता, शर्टातून पुडी बाहेर आली असती, आणि मग पुढचं फार वेगळं झालं असतं. आता तिघेही एकमेकांवर टेकले आहेत. एकाला हलवलं तर बाकीचे दोन पडतात.

तिसरी शंका बहुधा तरुण लेखकांच्या मनात असेल. गाड्या बदलताहेत. एप्रिल 2025 पासून याच मार्गावर, बीच ते चेंगलपट्टू, वातानुकूलित लोकलही सुरू झाली. तिची दारं आपोआप मिटतात. मग हे सगळं कालबाह्य होणार का? प्रसंग बदलेल, एवढं नक्की. मिटलेल्या दाराच्या गाडीत साहनींची कथा घडू शकत नाही, धावत्या गाडीला लोंबकळून आत येऊ द्या म्हणणारा माणूसच तिथे असणार नाही. पण तिथे दुसरं काहीतरी कमी असेल. तिकिटाचे पैसे जास्त, म्हणून आपली विक्रेती कदाचित फलाटावर त्या गाडीला जाऊ देईल आणि पुढच्या साध्या गाडीत उभी राहील. लेखकाने दर वेळी नव्याने शोधायचं ते एवढंच : या डब्यात, आज, काय कमी आहे आणि ते कुणाला किती हवंय.

आणि आता एक विनंती. या शहरात राहणाऱ्या मराठी माणसांपैकी काहींच्या घरात गलाईचा धंदा असेल, काही जण इथल्या पेढ्यांत, दुकानांत, कचेऱ्यांत नोकरी करत असतील. माम्बलमची गाडी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मुंबईच्या लोकलवर मराठीत खूप लिहिलं गेलं, या गाडीवर तुम्ही लिहा. मी मांडलेल्या तिघांपैकी कुणालाही बदला, तिघांनाही बदला. फक्त स्टेशनांचा क्रम बदलू नका, आणि पार्क आल्यावर माणसांना उतरू द्या.